न दिसणाऱ्या कणाचं वजन

1932 च्या फेब्रुवारीत केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक एका कणाचं वस्तुमान काढायला बसले होते. हा कण दिसत नव्हता, त्याच्यावर विद्युतभार नव्हता आणि त्याचा वेगही कुणाला ठाऊक नव्हता. हाताशी होते ते फक्त त्याच्या धक्क्याने उडालेल्या दुसऱ्या कणांचे वेग. तेवढ्यावर काम भागलं, कारण टक्करीचे दोन हिशेब कधी चुकत नाहीत: एक संवेगाचा, दुसरा ऊर्जेचा.

आधीची हकिकत थोडक्यात अशी. पोलोनियममधून निघणारे अल्फा कण बेरिलियमवर आदळले की त्यातून काहीतरी बाहेर पडतं आणि ते शिशाच्या जाड थरातूनही सहज पार होतं. पॅरिसमध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलियो-क्युरी यांनी त्याच्या वाटेत पॅराफिन मेण ठेवलं, तर मेणातले प्रोटॉन जोरात उडू लागले. हे गॅमा किरणच असावेत, असं त्यांनी 1932 च्या जानेवारीत मांडलं.

चॅडविकना ते पटेना. गॅमा किरणाकडे ऊर्जा असते, पण तिच्या मानाने संवेग फार थोडा. प्रोटॉनला तेवढा वेग द्यायचा तर किरणाची ऊर्जा सुमारे 50 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट हवी. बेरिलियममधून मिळू शकत होती ती फार तर 14 दशलक्ष. त्यातून मेणाच्या जागी नायट्रोजन वायू ठेवला, की नायट्रोजनचे अणू ज्या वेगाने उडत, त्यासाठी तोच किरण 90 दशलक्षांच्या आसपासचा असायला हवा होता. किरण एकच, आणि समोर कोण आहे ते पाहून त्याची ऊर्जा बदलते! एक तर अक्षय्यतेचे नियम सोडायचे, नाहीतर गॅमा किरण सोडायचे. चॅडविकनी गॅमा किरण सोडले.

आता समजा, तो एक भारहीन कण आहे. त्याचं वस्तुमान M आणि वेग V. तो m वस्तुमानाच्या स्थिर अणुकेंद्रकावर समोरासमोर आदळला, त्यानंतर त्याचा स्वतःचा वेग V′ झाला आणि केंद्रक u वेगाने पुढे गेलं. टक्कर पूर्ण स्थितिस्थापक असेल, म्हणजे गतिज ऊर्जेतला काहीही भाग उष्णतेत किंवा मोडतोडीत गेला नसेल, तर दोन्ही हिशेब असे लिहिता येतात:

MV = MV′ + mu
½MV² = ½MV′² + ½mu²

दोन्हींतली M ची पदं एका बाजूला आणून दुसऱ्या समीकरणाला पहिल्याने भागलं की वर्ग निघून जातात आणि उरतं V + V′ = u. हे पुन्हा पहिल्या समीकरणात घातलं की

u = 2MV / (M + m)

इथे M आणि V दोन्ही अज्ञात आहेत, त्यामुळे एका टक्करीने काहीच ठरत नाही. पण तोच कण एकदा हायड्रोजनवर (m = 1) आणि एकदा नायट्रोजनवर (m = 14) आदळू दिला, तर दोन्ही वेळा अंश तोच राहतो. एका वेगाला दुसऱ्याने भागलं की V नाहीसा होतो:

u(हायड्रोजन) / u(नायट्रोजन) = (M + 14) / (M + 1)

हायड्रोजनचा, म्हणजे प्रोटॉनचा वेग चॅडविकनी त्याच्या पल्ल्यावरून काढला. प्रोटॉन हवेत सुमारे 40 सेंटिमीटर जात होते, म्हणजे वेग सेकंदाला 3.3 कोटी मीटर. नायट्रोजनचा पल्ला नॉर्मन फेदर यांनी क्लाउड चेंबरमध्ये पाहिला. तो जेमतेम साडेतीन मिलिमीटर भरला, म्हणजे वेग 47 लाख मीटर. गुणोत्तर सुमारे 7 येतं. समीकरण सोडवलं की M निघतो 1.15 च्या जवळ. न्यूट्रॉनचं वजन प्रोटॉनइतकंच आहे, हे कळायला एवढं पुरलं.

पण टक्करी काय सगळ्या नेमक्या समोरासमोर होतात? मुळीच नाही. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीच्या कडेला लागला की सोंगटी तिरकी आणि हळू जाते, बरोबर मध्ये लागला तरच पूर्ण वेगाने सरळ सुटते. केंद्रकांचंही तसंच, म्हणून चॅडविकनी सरासरी वेग घेतला नाही. त्यांनी सर्वांत लांब पल्ल्याचे कण धरले. जास्तीत जास्त वेग समोरासमोरच्या टक्करीतच मिळतो, आणि तिथेच एका सरळ रेषेतलं गणित लागू पडतं. एकमितीय टक्कर हा इथे पाठ्यपुस्तकातला सोयीचा प्रकार नाही, मोजमापातून मुद्दाम निवडून काढलेला प्रसंग आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. टक्कर स्थितिस्थापक नसली तर? न्यूट्रॉन केंद्रकाला चिकटूनच बसला, तर संवेगाचा हिशेब तसाच राहतो, पण u = MV / (M + m) येतो, आधीच्या बरोबर निम्मा. गतिज ऊर्जेचा m / (M + m) इतका हिस्सा दुसरीकडे जातो. फेदर यांना क्लाउड चेंबरमध्ये फाटे फुटलेल्या रेषाही दिसल्या होत्या. तिथे नायट्रोजनचं केंद्रक फुटलं होतं. अशा टक्करींना वरचं सूत्र लावलं तर उत्तर साफ चुकेल. त्या रेषांच्या फाट्यांवरून ओळखता येतात आणि बाजूला काढता येतात.

चूक किती महागात पडते हेही पाहण्यासारखं आहे. नायट्रोजनचा वेग दहा टक्क्यांनी इकडे-तिकडे झाला, तर M कुठेही 0.9 ते 1.4 मध्ये येतो. साडेतीन मिलिमीटरची रेषा मोजताना दहा टक्के म्हणजे फार नव्हे. म्हणून 1.15 या आकड्यातला दशांश चिन्हानंतरचा भाग चॅडविकनी फारसा मनावर घेतला नाही.

नेमकं वजन त्यांनी उलट वाटेने काढलं, स्थितिस्थापक नसलेल्या टक्करीतून. अल्फा कण बोरॉनच्या केंद्रकात शिरतो, नायट्रोजन तयार होतो आणि न्यूट्रॉन बाहेर फेकला जातो. इथे गतिज ऊर्जा टिकत नाही, संवेग टिकतो. ऊर्जेचा हिशेब जुळवायचा तर वस्तुमानं धरून पूर्ण ऊर्जा मोजावी लागते. बोरॉन, नायट्रोजन आणि हेलियम यांची वस्तुमानं ॲस्टन यांच्या उपकरणामुळे माहीत होती. प्रोटॉनांच्या पल्ल्यावरून न्यूट्रॉनची ऊर्जा कळत होती. संवेगावरून नायट्रोजनच्या वाट्याची ऊर्जा काढली आणि उरलं ते न्यूट्रॉनचं वस्तुमान: 1.005 ते 1.008 च्या दरम्यान.

हायड्रोजनच्या अणूचं वस्तुमान 1.0078 आहे. न्यूट्रॉन त्याहून थोडा हलका निघाल्यासारखं वाटल्याने, तो प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांची घट्ट जोडी असावी असं चॅडविकना तेव्हा वाटलं. 1934 मध्ये त्यांनी आणि मॉरिस गोल्डहाबर यांनी गॅमा किरणांनी ड्यूटेरियमचं केंद्रक फोडलं. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन चिकटण्याचीच ही उलटी क्रिया. फुटायला किती ऊर्जा लागते ते मोजल्यावर न्यूट्रॉन हायड्रोजनच्या अणूहून जड ठरला, आज मान्य असलेली किंमत 1.0087. जोडीचं वजन तिच्या घटकांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही, त्यामुळे ती कल्पना मागे पडली. मोकळा न्यूट्रॉन फार वेळ टिकत नाही, तो प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनात बदलतो, याला लागणारी जास्तीची ऊर्जा याच फरकातून येते.