लॅटिन संक्षेप : इंग्रजी लेखनात रूढ असलेली लॅटिन शब्दसमूहांची आद्याक्षरी अथवा तोडलेली रूपे. त्यांपैकी 'एट्सेटरा' (संक्षेप 'ई.टी.सी.'), 'एक्झेम्प्ली ग्रेशिया' ('ई.जी.') व 'इद एस्त' ('आय.ई.') ही तीन विशेष प्रचारात आहेत. त्यांचे शब्दशः अर्थ अनुक्रमे 'आणि इतर गोष्टी', 'उदाहरणादाखल' व 'ते असे' असे होतात. मराठीत त्यांचे कार्य अनुक्रमे 'इ.' वा 'वगैरे', 'उदा.' आणि 'म्हणजे' हे शब्द करतात.

'ई.जी.' व 'आय.ई.' यांची गल्लत सर्वांत अधिक आढळते. पहिल्यामागून नमुने येतात, तर दुसऱ्यामागून आधीच्या विधानाचा संपूर्ण अर्थ येतो. पुणे–दौंड लोहमार्गावरील काही स्थानकांवर माल उतरविण्याची सोय करावयाची आहे, असे समजू. सूचनेत 'मधल्या स्थानकांवर, उदा., यवत व पाटस येथे' असे लिहिल्यास त्या दोहोंच्या दरम्यान असलेल्या केडगावलाही सोय मिळू शकते. 'उदा.' ऐवजी 'म्हणजे' लिहिताच ती सोय दोनच स्थानकांपुरती मर्यादित होते व केडगाव वगळले जाते. संक्षेपाच्या जागी पूर्ण शब्द वाचून पाहिल्यास ही चूक चटकन लक्षात येते.

'ई.टी.सी.'चा उपयोग एकाच प्रकारच्या गोष्टींची मालिका पुढे चालू आहे, हे सुचविण्यासाठी करतात. 'गूळ, काकवी, साखर इ.' यांतून उसापासून होणारे पदार्थ अभिप्रेत आहेत, हे कळते. 'गूळ, मीठ इ.' यांतून मात्र मालिकेचे सूत्र उमगत नाही. विशिष्ट गोष्टींच्या यादीमागून आलेला व्यापक शब्द त्याच जातीच्या गोष्टींपुरता समजावा, असा एक संकेत कायद्याच्या अर्थनिर्णयातही आहे; त्यास 'एजुस्देम जेनेरिस' असे लॅटिन नाव आहे. 'उदा.'ने सुरू झालेल्या यादीच्या शेवटी 'इ.' जोडणे अनावश्यक ठरते. कारण यादी अपुरी असल्याचे 'उदा.'नेच सांगितलेले असते. नियमात किंवा करारात जेथे यादी पूर्ण हवी, तेथे 'इ.' टाळणेच इष्ट होय.

'एट्सेटरा'मधील 'एत' याचा अर्थच 'आणि' असल्याने इंग्रजीत त्यापूर्वी पुन्हा 'अँड' लिहीत नाहीत. अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेल्या 'वगैरे' या शब्दातही आरंभीचा 'व' 'आणि' याच अर्थाचा आहे. म्हणून 'आणि वगैरे' ही द्विरुक्ती होय. 'एट्सेटरा' वस्तूंसाठी योजतात; व्यक्तींच्या नावांनंतर 'एत आलिई' (आणि इतर जण) याचा संक्षेप 'एट अल.' वापरतात. मराठीत अशा ठिकाणी 'प्रभृती' हा शब्द शोभतो. 'इ. स.' मधील 'इ.' मात्र 'इसवी'चा संक्षेप असून 'इत्यादी'शी त्याचा संबंध नाही.