उधारी कमी करताना लिहायचं पत्र

डीलरची उधारी मर्यादा कमी करण्याचं पत्र बहुतेक कंपन्यांत एकाच साच्यातून निघतं. ‘आपल्याकडून वारंवार पैसे उशिरा येत असल्याचे निदर्शनास आले आहे. अनेकदा कळवूनही आपण दुर्लक्ष केले. सबब आपली उधारी मर्यादा तत्काळ कमी करण्यात येत आहे. याची गंभीर नोंद घ्यावी.’ चार वाक्यांत दरडावणी भरपूर आहे, पण मर्यादा नेमकी किती झाली हेच त्यात नाही. पंधरा वर्षं माल घेणारा दुकानदार हे वाचून पैसे पाठवत नाही. आधी तो कंपनीच्या प्रतिनिधीला फोन करून भांडतो, मग दुसऱ्या कंपनीचा माल मागवतो.

समजा, तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान आहे आणि ते एका कंपनीच्या प्लंबिंगच्या पाइप-फिटिंग्ज विकतं. मर्यादा १० लाखांची, मुदत ४५ दिवसांची. कंपनीच्या खात्यानुसार गेल्या सहापैकी चार बिलांचे पैसे उशिरा आले. आजची बाकी ८ लाख ४० हजार, त्यातले ३ लाख १५ हजार मुदत उलटलेले.

पत्र सुधारायचं तर पहिलं काम शब्दांचं नसून खातेउताऱ्याचं आहे. डीलरकडून आलेला खातेउतारा आपल्या खात्याशी ताडून पाहिला की बरेचदा काहीतरी निघतंच. इथे निघालं ते असं: तडे गेलेले ३८ हजारांचे पाइप दुकानदाराने परत पाठवले होते, पण त्यांची क्रेडिट नोट कंपनीच्याच कार्यालयात अडकली होती. चारपैकी एक बिल त्याने तेवढ्यासाठीच रोखलं होतं. म्हणजे खरा उशीर तीन बिलांना झाला: १२, १९ आणि ३१ दिवसांचा. थकीत रक्कमही २ लाख ७७ हजारांवर आली. ही तपासणी न करता ‘चार बिलं’ लिहिली असती, तर दुकानदाराने त्या एका चुकीवर बोट ठेवून सगळं पत्रच उडवून लावलं असतं.

दुसरा प्रश्न नव्या आकड्याचा. त्याचा महिन्याचा माल सरासरी ४ लाखांचा. ४५ दिवस म्हणजे दीड महिना, म्हणून पैसे वेळेवर आले तर ६ लाखांच्या मर्यादेत त्याचा आजचा धंदा आरामात चालतो. वरचे ४ लाख मालासाठी लागत नव्हते, उशिरासाठी लागत होते. हा हिशेब पत्रात मांडला की ६ लाख ही शिक्षा वाटत नाही. ठेकेदार दुकानदाराचे पैसे थकवतात म्हणून तो कंपनीचे थकवतो, हे खरं असेलही. पण ते कारण आपण त्याच्या वतीने पत्रात लिहू नये. ‘दुर्लक्ष’ हा शब्दही त्याच कारणाने काढायचा, कारण आपल्याला तारखा माहीत असतात, त्याच्या मनातलं नाही.

सुधारलेलं पत्र असं होतं:

‘स. न. वि. वि. आपली मुदत ४५ दिवसांची आहे. गेल्या सहा बिलांपैकी तीन बिलांचे पैसे अनुक्रमे १२, १९ आणि ३१ दिवस उशिरा मिळाले (उतारा सोबत). त्यामुळे १६ जूनपासून आपली उधारी मर्यादा १० लाखांऐवजी ६ लाख रुपये राहील. महिन्याला सरासरी ४ लाखांची खरेदी आणि ४५ दिवसांची मुदत धरून हा आकडा ठरवला आहे. परत आलेल्या मालाची ३८,००० रुपयांची क्रेडिट नोट जमा केली आहे. तिला आमच्याकडून उशीर झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. थकीत २,७७,००० रुपये १५ जूनपर्यंत भरावेत. त्यानंतर बाकी ५,२५,००० राहील. आपल्या १,२०,००० रुपयांच्या नोंदवलेल्या ऑर्डरपैकी ७५,००० चा माल उधारीवर आणि उरलेला रोखीने पाठवू. पुढची तीन बिलं मुदतीत भरली गेली की मर्यादेचा फेरविचार करू. उताऱ्यात फरक आढळल्यास १० जूनपर्यंत कळवावे.’

यात ‘फेरविचार करू’ हा शब्द जपून वापरलेला आहे. मर्यादा वाढवण्याचा अधिकार सही करणाऱ्याकडे नसेल, तर ‘पूर्ववत करू’ असं लिहिणं म्हणजे पुढच्या भांडणाची सोय. नोंदवलेल्या ऑर्डरचं वाक्य मात्र कधीही गाळू नये, कारण पत्र हातात पडताच दुकानदाराचा पहिला प्रश्न तोच असतो. उलट बाजूने अति मऊपणाही नडतो. ‘मर्यादेत काहीसा बदल विचाराधीन आहे’ असं वाचून दुकानदार जुन्याच मर्यादेने माल मागवतो आणि गाडी गोदामात अडकते.

चेक परत आला असेल तर तो विषय या पत्रात घालू नये. त्यासाठी कलम १३८ची नोटीस वेगळी असते. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत ती पाठवावी लागते आणि मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस द्यावे लागतात.

पत्र जाण्याआधी प्रतिनिधीने दुकानात जाऊन हे आकडे तोंडी सांगावेत. पत्राची प्रत फक्त त्या दुकानदाराला आणि हिशेब विभागाला द्यावी. डीलरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती कृपया टाकू नका.