आकड्यांशी ओळख – भाग ९ : आठ मुलं, दोन चाचण्या

गेल्या आठवड्यात आपण जोडीच्या नोंदी पाहिल्या : एकाच माणसाचं ‘आधी’ आणि ‘नंतर’. महाविद्यालयांतले निम्मे प्रकल्प याच साच्याचे असतात, आणि अहवाल लिहायच्या आदल्या रात्री हमखास एकच प्रश्न येतो : पेअर्ड टी-टेस्ट लावू की विल्कॉक्सन? ‘नमुना तीसपेक्षा लहान असेल तर विल्कॉक्सन’ असं उत्तर अनेकांच्या वहीत लिहिलेलं असतं. ते चुकीचं आहे. टी-चाचणी जन्मालाच आली लहान नमुन्यांसाठी. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावानं ती मांडली. त्या निबंधातल्या एका उदाहरणात अवघे दहा रुग्ण होते आणि प्रत्येकाच्या झोपेवर दोन औषधांचा परिणाम मोजलेला होता. म्हणजे उदाहरणही जोडीच्या नोंदींचंच.

मग निवड कशावरून करायची? एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. समजा, आठ विद्यार्थ्यांनी सहा आठवडे रोज सकाळी दोरीवरच्या उड्या मारल्या आणि दोन्ही टोकांना विश्रांतीच्या वेळची नाडी मोजली. सुरुवातीचे ठोके : ७६, ८१, ७९, ७४, ८४, ७२, ७८, ८०. सहा आठवड्यांनंतर, त्याच क्रमानं : ७१, ७८, ७२, ७२, ७८, ६८, ७९, ७२.

आता हे सोळा आकडे बाजूला ठेवा. दोन्ही चाचण्यांना त्यांच्याशी देणंघेणं नाही. त्यांना हवेत फक्त आठ फरक, ‘आधी’मधून ‘नंतर’ वजा करून आलेले : ५, ३, ७, २, ६, ४, उणे १, ८. इथंच पुष्कळ मुलं घसरतात. ‘आधी’चे आकडे नॉर्मल वितरणात बसतात का, ‘नंतर’चे बसतात का, असं वेगवेगळं तपासत बसतात. अट असते ती फरकांवर. कुणाची नाडी मुळातच ८४ आणि कुणाची ७२ असली तरी वजाबाकीत तो भेद निघून जातो. जोडी लावण्याचा सगळा फायदा तोच.

टी-चाचणी या फरकांची सरासरी काढते : ४.२५ ठोके. प्रमाण विचलन २.९२ येतं. त्याला आठच्या वर्गमुळानं भागलं की सरासरीची प्रमाण त्रुटी मिळते, १.०३. सरासरीला तिनं भागलं की टी ४.१२. सात मुक्ती-अंशांना ५ टक्के पातळीवर २.३६५ पुरेसा असतो, त्यामुळे इथं शंकेला फारशी जागा उरत नाही.

फ्रँक विल्कॉक्सन हे अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १९४५ मध्ये सुचवलेली रीत कागद-पेन्सिलीवर होते. चिन्हं विसरून फरक लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावायचे आणि त्यांना १ ते ८ क्रमांक द्यायचे. मग उणे चिन्हाच्या फरकांच्या क्रमांकांची बेरीज करायची. आपल्याकडे उणे फरक एकच आणि तोही सर्वांत लहान, म्हणून बेरीज १. उड्यांचा काहीच परिणाम नसता तर प्रत्येक क्रमांकाला अधिक की उणे हे नाणेफेकीसारखं ठरलं असतं. आठ नाण्यांच्या २५६ शक्यता. त्यांत उणे बेरीज ० किंवा १ येण्याचे मार्ग दोनच, आणि उलट टोकाचे आणखी दोन. चार भागिले २५६, म्हणजे ०.०१५६. हेच पी-मूल्य. मला ही रीत फार आवडते, कारण पी-मूल्य कुठून आलं ते इथं डोळ्यांना दिसतं.

आर वापरत असाल तर एवढंच पुरे :

```r
d <- c(5, 3, 7, 2, 6, 4, -1, 8)
t.test(d)
wilcox.test(d)
```

आता एकच आकडा बदला. शेवटचा मुलगा पहिल्या दिवशी जिने चढून धापा टाकत आला आणि त्याची नाडी ८० ऐवजी ११० नोंदली गेली. त्याचा फरक ८ वरून ३८ झाला. सरासरी घट ४.२५ वरून थेट ८ वर गेली, जवळजवळ दुप्पट. मग पुरावा आणखी भक्कम झाला असेल ना? उलट टी ४.१२ वरून १.८३ वर कोसळतो आणि निष्कर्ष हातातून जातो. त्या एका ३८ नं सरासरी वर ओढली, पण प्रमाण विचलन २.९२ वरून १२.३८ वर नेलं. वरच्या संख्येपेक्षा खालची किती तरी जास्त फुगली. विल्कॉक्सनला मात्र काही कळतसुद्धा नाही : ८ असो वा ३८, क्रमांक आठवाच. पी-मूल्य तेच, ०.०१५६.

निवडीचं मर्म या प्रयोगात आहे. फरक एका रेषेवर ठिपक्यांनी मांडा. ठिपके एकमेकांजवळ असतील आणि कुणीच फार लांब एकटा पडला नसेल, तर आठ मुलांनासुद्धा मी टी-चाचणीच लावेन. ‘किती’ याचं उत्तर ती सरळ देते : इथं सरासरी घट ४.२५ आणि ९५ टक्के विश्वास-अंतराल १.८ ते ६.७ ठोके. एखादा ठिपका दूर असेल तर विल्कॉक्सन. पण त्याआधी वही उघडून तो आकडा खरा आहे का ते पाहा. धापा टाकताना घेतलेली नाडी ही विश्रांतीची नाडी नव्हेच, आणि मोजमापातली चूक कोणतीही चाचणी दुरुस्त करत नाही. शापिरो-विल्क चाचणीवर निवड सोपवू नका. आठ आकड्यांत तिची पकड इतकी सैल असते की ती ‘पास’ झाल्यानं फारसं काही सिद्ध होत नाही.

विल्कॉक्सनलाही अटी आहेत. फरक आपल्या मध्याच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखे पसरलेले असावेत असं ती धरून चालते. ते एकाच बाजूला लांब शेपटीसारखे ओढलेले असतील तर ‘मध्यक इतका बदलला’ असा तिचा अर्थ लावता येत नाही. नाडीसारख्या पूर्णांकांत समान फरक आणि शून्यं सर्रास येतात. शून्यं गाळली जातात, समान फरकांना सरासरी क्रमांक मिळतो, आणि मग आर बहुधा नेमकं पी-मूल्य काढता येत नाही असा इशारा देऊन अंदाजी मूल्य दाखवतो. अहवालात हे लिहायला हवं.

सर्वांत मोठी अडचण नमुना फारच लहान असताना येते. पाचच मुलं असतील आणि पाचही जणांची नाडी उतरली, तरी शक्यता ३२ आणि दोन्ही टोकं मिळून मार्ग दोन : ०.०६२५. म्हणजे पाच जणांत विल्कॉक्सन ०.०५ च्या खाली कधीच जाऊ शकत नाही, परिणाम कितीही मोठा असो. सहा जण हवेतच. तिथं सर्वांत लहान मूल्य ०.०३१ येतं. ‘नमुना लहान म्हणून विल्कॉक्सन’ हा सल्ला नेमका इथंच मुलांना बुडवतो, आणि प्रकल्प संपेपर्यंत त्यांना ते कुणी सांगत नाही.

दोन्ही चाचण्या चालवून जिचं पी-मूल्य लहान ती छापणं ही अप्रामाणिक वाट आहे. कोणती चाचणी आणि दूरचा ठिपका आला तर काय करायचं, हे मोजमाप सुरू होण्याआधी वहीत तारखेसह लिहून ठेवा. आणि कोणतीही चाचणी लावली तरी नाडी उड्यांमुळेच उतरली असं ती सांगत नाही. पहिल्या मोजणीला मुलं बावरलेली असतात, दुसऱ्या वेळी सरावलेली. तेवढ्यानंही ठोके कमी भरतात. उड्या न मारणारा दुसरा गट नसेल, तर अहवालातलं वाक्य इतपतच असावं : ‘सहा आठवड्यांत आठ विद्यार्थ्यांची विश्रांतीची नाडी सरासरी ४.२५ ठोक्यांनी कमी आढळली (९५ टक्के विश्वास-अंतराल १.८ ते ६.७), तुलनेचा गट नव्हता.’