टवाळीला लागलेला ग्रुप आणि ॲडमिनचं काम

दहावीच्या बॅचचा एखादा ग्रुप डोळ्यांसमोर आणा. गेट-टुगेदरचे फोटो येतात आणि कुणीतरी एकाच्या टकलावरून फिरकी घेतो. तोही हसून उलट टोला देतो. मग त्याच्या फोटोचं स्टिकर होतं. आठवडाभरात विषय टकलावरून त्याच्या सुटलेल्या नोकरीवर आणि तिथून घरच्या भांडणांवर जातो. दर मेसेजखाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागते. अशा वेळी ॲडमिनने मध्ये पडावं का, आणि पडलं तर नेमकं काय करावं?

रंगमंचावरच्या ‘रोस्ट’मध्ये ज्याची टर उडवायची, तो आधी होकार देऊन येतो, कार्यक्रम ठरल्या वेळी संपतो आणि बहुधा शेवटी उलट बोलायची पाळी त्याची असते. ग्रुपवर यातलं काहीच नसतं. कुणी विचारलेलं नसतं, शेवट ठरलेला नसतो आणि सगळे मिळून एकालाच धरतात. म्हणून कोणता विनोद चांगला नि कोणता वाईट, या वादात ॲडमिनने शिरूच नये. ज्याची टिंगल चालली आहे, त्याच्या उत्तरांवर लक्ष ठेवावं. आधी तो वाक्यांत उत्तर देतो, मग नुसत्या इमोजीत आणि मग गप्प होतो. त्याच्या गप्प होण्यानंतरही मेसेज वाढतच असतील, तर गंमत संपलेली आहे.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे प्रेक्षक उठवणं. व्हॉट्सॲपच्या ग्रुप सेटिंगमध्ये फक्त ॲडमिननेच मेसेज पाठवायचे, अशी सोय आहे. ती रात्रीपुरती चालू करावी आणि एकच ओळ लिहावी: ‘ग्रुप सकाळी नऊपर्यंत बंद ठेवतोय, पुढचं फोनवर बोलू.’ कुणाचं नाव घेऊ नये, उपदेशही करू नये. चारचौघांत दटावलं की माणूस चूक कबूल करण्याऐवजी अब्रू सांभाळायला उभा राहतो, आणि भांडण आता ॲडमिनशी सुरू होतं.

मग सर्वांत जिव्हारी लागणारे मेसेज काढावेत. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, पण त्याला साधारण दोन दिवसांची मुदत असते. मेसेजच्या जागी तो ॲडमिनने काढल्याची नोंद सगळ्यांना दिसते. त्यामुळे एका बाजूचे मेसेज काढून दुसऱ्या बाजूचे ठेवले, तर पक्षपात लगेच उघडा पडतो. काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्यावेत. तक्रार पुढे गेलीच, तर पुरावा लागतो.

खरं काम फोनवर होतं. पहिला फोन ज्याला लागलं आहे त्याला. ‘तुला काय हवंय?’ एवढंच विचारावं. पुष्कळांना ग्रुपवर माफी नको असते, कारण त्यामुळे विषय पुन्हा निघतो. त्यांना ते स्टिकर बंद झालेलं हवं असतं. दुसरा फोन मुख्य टवाळखोराला. ‘तू वाईट आहेस’ असं म्हणू नये. ‘त्याच्या नोकरीवरचे ते दोन मेसेज चालणार नाहीत’ असं नेमकं बोट ठेवावं. सकाळी ग्रुप उघडताना नियम लिहावा: कुणाचं शरीर, नोकरी, संसार आणि जात यांवर विनोद नाही, फोटोचं स्टिकर विचारल्याशिवाय नाही, पुन्हा झालं तर ग्रुपमधून काढलं जाईल. आणि पुन्हा झालं, तर खरंच काढावं. तो जवळचा मित्र असेल, तर निर्णय दुसऱ्या ॲडमिनबरोबर घ्यावा.

या अधिकाराला मर्यादा आहेत. मेसेज काढला, तरी कुणी आपल्या फोनवर जपून ठेवलेलं स्टिकर तिथेच राहतं. ते काढायची विनंतीच करावी लागते. शिवाय तीच मंडळी दुसरा ग्रुप काढू शकतात.

कायद्याची भीती मात्र अवास्तव असते. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात एका सदस्याने ग्रुपवरच्या महिलेला अश्लील शब्द वापरले आणि त्याला न काढल्याबद्दल ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. दोघांचा समान हेतू किंवा आधीचा कट दिसत नसेल, तर सदस्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

म्हणजे गप्प बसलेल्या ॲडमिनला कायदा सहसा हात लावणार नाही. पण सगळ्यांसमोर चाललेला छळ एका बटणाने थांबवण्याची सोय त्या ग्रुपात फक्त ॲडमिनपाशी आहे. तुम्ही कुठल्या ग्रुपचे ॲडमिन असाल आणि कुणी एकजण अलीकडे अचानक गप्प झाला असेल, तर आज त्याला फोन करा.