म्हाताऱ्या युलिसिसला काय काय विचारावं?

वाचनमंडळात म्हातारपणावरची कविता घेतली की थोड्याच वेळात कविता बाजूला पडते आणि गुडघे, पेन्शन, परदेशातली मुलं सुरू होतात. गप्पा रंगतात, पण त्यासाठी कविता लागत नाही. बहुतेक वेळा दोष पहिल्या प्रश्नाचा असतो. ‘म्हातारपणाबद्दल कवीला काय म्हणायचंय?’ असं सुरुवातीलाच विचारलं, की जो तो आपलं मत कवीच्या तोंडी घालतो. त्यापेक्षा ज्यांचं उत्तर ओळीवर बोट ठेवून दाखवता येईल, असे प्रश्न आधी घ्यावेत.

टेनिसनची ‘युलिसिस’ त्यासाठी उत्तम. 1842 साली छापली गेलेली ही 70 ओळींची इंग्रजी कविता एका बैठकीत दोनदा वाचून होते. ट्रॉयचं युद्ध आणि समुद्रावरची भटकंती संपवून इथाकाला परतलेला राजा आता म्हातारा झालाय, घरात बसून कंटाळलाय आणि पुन्हा निघायचं म्हणतोय. सगळी कविता त्याच्याच तोंडी आहे. एकाने मूळ कविता मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने साध्या मराठीत अर्थ सांगावा.

मग साधे प्रश्न. हा माणूस कुठे आहे? दिवसभर काय करतो? कोणाकोणाचा उल्लेख करतो, आणि त्यात नाव कोणाचं घेतो? इथे पहिला धागा हाती लागतो. मुलाचं, टेलिमॅकसचं नाव येतं. पण वीस वर्षं वाट पाहिलेली पेनेलपी केवळ ‘वय झालेली बायको’ म्हणून एकदा येऊन जाते. मंडळातल्या बायकांच्या हे बहुधा आधी लक्षात येतं, आणि येऊ द्यावं. सूत्रधाराने घाईने दाखवून देऊ नये.

पुढचा प्रश्न जरा अवघड: तो बोलतोय कोणाशी? सुरुवातीला स्वतःशीच बोलल्यासारखं वाटतं. मध्ये टेलिमॅकसवरच्या अकरा ओळींत तो मुलाची जणू कोणाला तरी ओळख करून देतो. शेवटी मात्र सरळ आपल्या खलाशांना हाक मारतो. सूर कुठे बदलला, तिथे प्रत्येकाने पेन्सिलीने खूण करावी. खुणा जुळत नाहीत, आणि चर्चा खरी तिथून सुरू होते. टेलिमॅकसचं कौतुक मनापासूनचं की हातचं राखून? मुलगा शहाणा, कर्तव्यदक्ष आहे असं बाप म्हणतो, पण तसं व्हायची इच्छा त्याला मुळीच दिसत नाही. चर्चा भरकटली तर सूत्रधाराने एवढंच विचारावं, ‘कुठल्या ओळीत?’ बराच वेळ कोणी कागदाकडे पाहिलं नसेल, तर कविता हातची गेली असं समजावं.

बाहेरची माहिती द्यायची ती आता. आधी दिली तर लोक कवितेऐवजी माहितीच वाचतात. होमरच्या ‘ओडिसी’त युलिसिसचे सगळे सोबती वाटेतच मरतात आणि तो एकटा घरी पोचतो. मग हे खलाशी कोण? दुसरी गोष्ट दांतेची. त्याच्या ‘इन्फर्नो’त युलिसिस घरी परततच नाही. म्हाताऱ्या सोबत्यांना गोड बोलून अज्ञात समुद्रात नेतो आणि सगळ्यांसकट बुडतो. दांतेने त्याला नरकात टाकलं ते खोटा सल्ला देणाऱ्यांमध्ये. हे कळल्यावर शेवटचा भाग पुन्हा वाचला, की तेच आवाहन वेगळं ऐकू येतं. काहींना ते अजूनही धीराचं वाटतं, तर काहींना म्हाताऱ्याचा हट्ट. मला दोन्ही वाटतं, आणि एकाच बाजूला मतदान करून विषय मिटवणं या कवितेवर अन्याय आहे.

तिसरी माहिती सगळ्यात शेवटी द्यावी. 1833 मध्ये जवळचा मित्र आर्थर हॅलम अचानक वारल्याची बातमी आल्यानंतर टेनिसनने ही कविता लिहिली. तेव्हा त्याचं वय होतं 24. मग हे म्हातारपण कोणाचं? मित्र गेल्यावर जगत राहायला लागणारं बळ तरुण कवीने म्हाताऱ्याच्या तोंडून मागितलं का? मंडळात सत्तरीचं कोणी असेल तर इथे त्यांना आवर्जून विचारावं, थकवा खरा वाटतो की ऐकीव? आपल्याकडे इथे कोणीतरी वानप्रस्थ काढणारच. तुलना करायला हरकत नाही, पण वानप्रस्थात माणूस सोडायला निघतो आणि युलिसिस आणखी हवं म्हणून निघतो, हा फरक विसरू नये.

वेळ उरला तर प्रत्येकाने पाच मिनिटं कागदावर लिहावं: टेलिमॅकसला बोलायची संधी मिळाली असती, तर तो बापाला काय म्हणाला असता? नंतर ज्यांची इच्छा असेल त्यांनी वाचून दाखवावं. पेनेलपीच्या वतीने लिहायचं असं कोणी म्हटलं, तर तिला वेळ वाढवून द्यावा.