दोरा, काटकोन त्रिकोण आणि उणे चिन्हाची भानगड

गिअरचा दाता जवळून पाहिला, तर त्याची कड सरळ नसते, हलकीशी फुगीर असते. तो फुगवटा अंदाजाने दिलेला नसतो. एका वर्तुळाभोवती दोरा घट्ट गुंडाळायचा, टोकाला पेन्सिल बांधायची आणि दोरा ताणलेलाच ठेवून उलगडत न्यायचा. पेन्सिल कागदावर जी वक्ररेषा काढते, बहुतेक गिअरच्या दात्याची कड तीच असते. कारखान्यात तिला इन्व्होल्यूट म्हणतात. गिअरसाठी ही रेषा सुचवली ती अठराव्या शतकात, लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने.

समजा वर्तुळाची त्रिज्या ३ सेंटिमीटर आहे. दोरा उलगडत पेन्सिल केंद्रापासून ५ सेंटिमीटरवर पोचली. एवढ्यात ती केंद्राभोवती किती कोनातून फिरली? अंतर x धरून ते कणाकणाने वाढवत नेले आणि प्रत्येक कणाला झालेले फिरणे मिळवत गेले, तर इंटिग्रेशनचे हे गणित समोर येते:

∫ √(x² − 9) / x dx, x = 3 ते 5

येणाऱ्या उत्तराला ३ ने भागले की कोन मिळतो. अडचण आहे ती वर्गमूळाची. आत वजाबाकी असल्यामुळे ते सहजी सुटत नाही. बारावीच्या विद्यार्थ्याला इथे काय करायचे ते पाठ असते: x² − a² दिसले की x = a sec θ ठेवायचे. पण sec च का, हे विचारले तर पुष्कळदा उत्तर येते, ‘सरांनी सांगितले म्हणून.’

खरे कारण कागदावरच्या दोऱ्यात दिसते. तीन बिंदू जोडून पाहावेत: वर्तुळाचे केंद्र, दोरा वर्तुळ सोडतो तो बिंदू आणि पेन्सिलचे टोक. ताणलेला दोरा वर्तुळाला स्पर्शिका असतो, म्हणून दोरा सुटतो तिथे काटकोन होतो. केंद्रापासून पेन्सिलपर्यंतचे अंतर x हा कर्ण झाला. एक बाजू त्रिज्येएवढी, म्हणजे ३. उरलेली बाजू हा सुटलेला दोरा, आणि पायथागोरसच्या प्रमेयाने त्याची लांबी येते √(x² − 9). ज्या वर्गमूळाने अडवून ठेवले होते ते म्हणजे दोऱ्याची लांबीच. केंद्रापाशी होणाऱ्या कोनाला θ म्हटले, की कर्ण भागिले लगतची बाजू म्हणजे sec θ = x/3. हा कोन आकृतीत आधीपासूनच बसलेला होता. त्याला फक्त नाव दिले.

आता गणित भराभर सुटते. sec²θ − 1 = tan²θ असल्यामुळे वर्गमूळाचे 3 tan θ होते आणि dx च्या जागी 3 sec θ tan θ dθ येते. खालच्या x मधला sec वरच्या sec ला खाऊन टाकतो. उरते 3 tan²θ, म्हणजेच 3(sec²θ − 1), आणि त्याचे उत्तर 3 tan θ − 3θ. x = 5 असताना त्रिकोणाच्या बाजू ३, ४, ५ असतात. म्हणून tan θ = 4/3 आणि θ जवळपास ०.९२७३ रेडियन. x = 3 ला दोन्ही शून्य. उत्तर ४ वजा २.७८२, म्हणजे १.२१८. तीनने भागले की ०.४०६ रेडियन, सुमारे २३ अंश.

हे उत्तर कॅल्क्युलसशिवायही पडताळता येते, आणि तीच या उदाहरणाची खरी मजा आहे. ४ सेंटिमीटर दोरा सुटला म्हणजे वर्तुळाचा ४ सेंटिमीटर कंस मोकळा झाला. त्रिज्या ३, म्हणून तो कोन 4/3, म्हणजे १.३३३ रेडियन. पेन्सिल त्या सुटण्याच्या बिंदूच्या θ एवढी मागे असते. १.३३३ मधून ०.९२७ गेले, उरले ०.४०६.

इथवर सगळे सुरळीत, कारण अंतर कधी ऋण नसते. पण परीक्षेतला x अंतर असेलच असे नाही. तेच गणित −५ ते −३ या मर्यादांत दिले की भानगड सुरू होते.

x = −5 साठी sec θ = −5/3. बारावीच्या पुस्तकांत sec⁻¹ ची मुख्य किंमत ० ते π मध्ये घेतात, तेव्हा θ दुसऱ्या चरणात जातो आणि २.२१४ रेडियन होतो. तिथे tan θ ऋण असतो, −4/3. वर्गमूळ मात्र कधीच ऋण नसते. म्हणजे √(x² − 9) = 3 tan θ ही ओळच इथे खोटी ठरते. खरी ओळ आहे 3|tan θ|, आणि दुसऱ्या चरणात तिचा अर्थ −3 tan θ.

हे उणे विसरले की चूक दोन वाटांनी बाहेर पडते. जो θ च्याच मर्यादा घालून उत्तर काढतो त्याला +१.२१८ मिळते. जो त्रिकोण काढून tan θ च्या जागी √(x² − 9)/3 लिहितो आणि मग x घालतो, त्याला मिळते −६.७८२. दोन्ही चूक. दुसरी वाट जास्त फसवी, कारण त्रिकोणाच्या बाजू धनच असतात. चिन्ह त्रिकोण सांगत नाही. ते θ कोणत्या चरणात आहे यावरून ठरवावे लागते.

चूक ओळखायला कॅल्क्युलेटर लागत नाही. −५ ते −३ मध्ये वर्गमूळ धन आणि x ऋण, म्हणून भागाकार ऋणच, +१.२१८ तिथेच बाद झाले. आता −५ ला भागाकाराची किंमत −०.८ आहे आणि −३ कडे जाताना ती शून्याकडे सरकते. मर्यादांतले अंतर २ आहे, म्हणजे उत्तर −१.६ च्या खाली जाऊच शकत नाही. −६.७८२ ही बाद. खरे उत्तर −१.२१८. उणे आठवणीने लिहिले, तर −3 tan θ + 3θ मधून ते बिनबोभाट येते.

काही लेखक ही कटकट मुळातच टाळतात. जेम्स स्टुअर्टच्या कॅल्क्युलसच्या पुस्तकात ऋण x साठी θ हा π ते 3π/2 मध्ये, म्हणजे तिसऱ्या चरणात घेतला आहे. तिथे tan धन असल्यामुळे केवल मूल्याच्या उभ्या रेघा लागतच नाहीत. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. घोटाळा होतो तो एका पुस्तकातले सूत्र आणि दुसऱ्या पुस्तकातली θ ची मर्यादा एकत्र केल्यावर. तेव्हा सूत्र उचलण्याआधी त्या पुस्तकात θ कुठून कुठपर्यंत घेतला आहे ते पाहून घ्यावे.

या गणितापुरते बोलायचे, तर उत्तर √(x² − 9) − 3 tan⁻¹(√(x² − 9)/3) + C असे लिहिणे सगळ्यांत सोयीचे. ते x च्या दोन्ही बाजूंना चालते. फक्त −५ ते ५ अशा मर्यादा त्यात घालू नयेत, कारण −३ आणि ३ च्या मधे या वर्गमूळाला वास्तव किंमतच नाही.