अकरा हप्ते आपले, बारावा सराफाचा

मागील महिन्यात आमच्या एका गट ऑफिसात बसलो असता तेथे एक ज्येष्ठ सभासद आले. सारे त्यांना तात्या म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. हातात सराफाच्या पेढीचे सुवर्ण बचत योजनेचे कार्ड, अकरा रकान्यांत अकरा शिक्के. सोबत एक बिल. तात्या म्हणाले, "साहेब, पंचावन्न हजार भरलं, पाच हजार त्यांनी घातलं, साठ झालं. सहा ग्रॅमची ठुशी यायला पायजे. आली पाच ग्रॅमची, आणि वर सातशे सत्तर रुपयं माझ्याकडनंच घेतलं. फसवलं का काय?"

आम्ही बिल पाहिले. फसवणूक झाली नव्हती. बिल चोख होते. पण तात्यांच्या मनातला हिशेब आणि पेढीच्या वहीतला हिशेब यांत एक ग्रॅमचे अंतर होते, आणि ते अंतर अनेक घरांत पडत असणार. म्हणून हा खटाटोप. दागिन्यांचा भाव रोज बदलतो, तेव्हा समजायला सोपे जावे यासाठी आम्ही बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरला आहे. आजचा भाव म्हणून तो कोणी घेऊ नये.

योजनेची रीत अशी. दरमहा ठरलेली रक्कम, येथे ५,००० रुपये, अकरा महिने भरायची. अकरा हप्ते वेळेवर झाले की बारावा हप्ता पेढी आपल्या पदरचा घालते, त्याला बोनस हप्ता म्हणतात. काही पेढ्या पूर्ण हप्ता देतात, काही पाऊण किंवा अर्धा, तर काही बोनस न देता घडणावळीत सवलत देतात. बाराव्या महिन्यात साठ हजारांचा दागिना उचलायचा. रोख परत मागण्याची सोय बहुधा नसते.

अकराच महिने का, असे तात्यांनी विचारले. यामागे कायदा आहे. कंपन्यांनी लोकांच्या ठेवी घेण्याविषयी २०१४ साली जे नियम झाले, त्यांत मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ठेव धरली जात नाही. मात्र घेतल्यापासून ३६५ दिवसांत त्या रकमेचा माल दिला गेला पाहिजे. वर्ष उलटले की तीच रक्कम ठेवीत मोडू लागते. म्हणून पेढ्या अकरा महिन्यांवर थांबतात आणि माल उचलायची घाई करतात. याचा दुसरा अर्थ ध्यानात घ्यावा: आपला पैसा बँकेतल्या ठेवीसारखा नाही, त्याला बँक ठेवीचा विमा नाही. पेढी बुडाली तर आपण मालाची वाट पाहणारे गिऱ्हाईक. २०१९ साली दिवाळीच्या तोंडावर ठाणे-डोंबिवलीकडच्या एका साखळी पेढीने एकाएकी दुकानांना कुलुपे लावली, आणि अशाच योजनांत हप्ते भरणारे लोक पावत्या घेऊन पोलीस ठाण्यापुढे उभे राहिले. तेव्हा पेढी जुनी आणि ओळखीची असावी, प्रत्येक हप्त्याची छापील पावती घ्यावी, आणि शक्यतो हप्ता बँकेतून जावा, म्हणजे नोंद राहते.

आता बोनस खरोखर किती. पाच हजार म्हणजे पंचावन्न हजारांवर नऊ टक्के, असे वाटते. ते तसे नाही. पहिला हप्ता अकरा महिने पेढीकडे राहिला, दुसरा दहा, आणि शेवटचा एकच महिना. बेरीज केली तर एक हप्ता छासष्ट महिने वापरल्यासारखे होते. छासष्ट महिन्यांचे भाडे एक हप्ता, म्हणजे महिन्याला शेकडा दीड, वर्षाला अठरा टक्के. तेच हप्ते बँकेच्या आवर्ती ठेवीत सात टक्क्यांनी भरले असते तर व्याज १,९२५ रुपये आले असते. पेढीने पाच हजार दिले. म्हणजे बोनस खरा आहे, आणि चांगला आहे. आम्ही सुरुवातीला याला नुसती जाहिरात समजत होतो, ती समजूत आम्हाला सोडावी लागली.

मग एक ग्रॅम गेला कुठे? बिल वाचू. ठुशीचे निव्वळ सोने ५ ग्रॅम, किंमत ५०,०००. घडणावळ शेकडा १८, म्हणजे ९,०००. झाले ५९,०००. त्यावर जीएसटी ३ टक्के, १,७७०. एकूण ६०,७७०. साठ हजार जमेला, वरचे ७७० तात्यांनी खिशातून दिले. साठ हजारांत सहा ग्रॅम नुसते सोने येते, दागिना येत नाही. हे तात्यांना लगेच पटले. "आमच्या उसातनं जसं आधी तोडणी-वाहतूक वजा, तसंच की," असे ते म्हणाले.

पण तात्यांच्या वहिनी, म्हणजे आमच्या काकू, त्या दिवशी बरोबर होत्या. त्या इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "तालुक्याच्या पेठेत दुसऱ्या दुकानात अशीच ठुशी दहा टक्के घडणावळीनं मिळत हुती. मी तवाच सांगितलं हुतं." मग तोही हिशेब मांडला. सोने ५०,०००, घडणावळ ५,०००, जीएसटी १,६५०, एकूण ५६,६५०. तात्यांनी हप्ते बँकेत भरले असते तर १,९२५ व्याज वजा जाता खिशातून ५४,७२५ गेले असते. योजनेत गेले ५५,७७०. म्हणजे बोनस घेऊनही तात्यांना ठुशी एक हजार पंचेचाळीस रुपयांनी महाग पडली. काकूंनी तात्यांकडे पाहिले. आम्ही चहा मागवला.

तथापि योजना वाईट, असा अर्थ नाही. त्याच पहिल्या दुकानातून रोखीने घेतली असती तर व्याज धरूनही ५८,८४५ पडली असती. तेथे योजनेने तीन हजारांवर वाचवले. सारे अडते ते घडणावळीच्या आकड्यावर, आणि तो आकडा कार्डावर छापलेला नसतो. साध्या पाटल्यांना घडणावळ कमी, नाजूक ठुशीला, बोरमाळेला जास्त. कार्ड काढण्याआधी दुकानात जाऊन, जो दागिना घ्यायचा आहे तोच दाखवायला सांगून, घडणावळ शेकडा किती आणि योजनेच्या गिऱ्हाईकाला वेगळी आहे का, हे विचारावे. वेढणी किंवा नाणे घेतले तर बोनस मिळतो का, हेही विचारावे, कारण बऱ्याच ठिकाणी तो मिळत नाही. खडे असतील तर त्यांचे वजन सोन्याच्या भावात धरलेले नाही ना, हे बिलावर निव्वळ वजन पाहून ताडता येते. दागिन्यावर हॉलमार्कची तीन चिन्हे हवीत: मानक ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, 22K916 हा शुद्धतेचा आकडा, आणि सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. हा क्रमांक एप्रिल २०२३ पासून सक्तीचा झाला आहे.

दुसरी एक गोष्ट तात्यांच्या लक्षात आली नव्हती, आणि खरे तर ती घडणावळीइतकीच मोठी आहे. योजना दोन जातीच्या असतात. एकीत रुपये साठतात आणि शेवटच्या दिवसाच्या भावाने सोने मिळते. दुसरीत प्रत्येक हप्त्याचे त्याच दिवशीच्या भावाने ग्रॅम करून कार्डावर जमा करतात. तात्यांची पहिल्या जातीची. समजा पहिल्या हप्त्याला भाव १०,००० होता आणि दर महिन्याला दोनशे वाढत बाराव्या महिन्यात १२,२०० झाला. रुपये साठवणाऱ्याच्या साठ हजारांत ४.९२ ग्रॅम बसतात. ग्रॅम साठवणाऱ्याला बोनस दिला नाही असे धरले, तरी त्याच्या कार्डावर अकरा हप्त्यांचे ५.०२ ग्रॅम जमा असतात. बोनस सारा भाववाढीत विरघळला. उलट भाव वर्षभर दहा हजारांवरच थांबला, तर रुपयेवाल्याला सहा ग्रॅम आणि ग्रॅमवाल्याला साडेपाच. म्हणजे भाव वर्षात सतरा-अठरा टक्क्यांच्या आत वाढला तर बोनस जिंकतो, त्याहून जास्त वाढला तर ग्रॅम. भाव कुठे जाईल हे सराफालाही ठाऊक नसते. लग्नाला अमुक ग्रॅम लागणारच आहेत, असे ज्या घरात ठरले आहे त्यांनी ग्रॅमची योजना पाहावी, असे आमचे मत आहे. भाव चढला तरी तोवर साठलेले ग्रॅम कमी होत नाहीत. अशा योजनेत घडणावळीची सवलत असेल तर तिची मर्यादा किती, एवढे मात्र लेखी घ्यावे.

आता आपल्या घरची अडचण. पेढीला दर महिन्याच्या ठरल्या तारखेला हप्ता हवा, आणि आपले उसाचे बिल काही दरमहा येत नाही. ऊस गाळपाला गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीची रक्कम देण्याचा नियम आहे, पण तो पैसा येतो हंगामात, एकदम. जून-जुलैला खते, मुलांची फी आणि मजुरी यांत खाते कोरडे पडते. नेमका तेव्हा हप्ता चुकतो, आणि हप्ता चुकला की अनेक पेढ्यांत बोनस पूर्ण किंवा थोडा जातो. मध्येच कार्ड बंद केले तर बोनस नाहीच, सुरुवातीला दिलेल्या भेटवस्तूची किंमतही काही जण वळती करतात. म्हणून ज्यांना कार्ड काढायचेच आहे त्यांनी बिल जमा झाले त्याच आठवड्यात उरलेल्या हप्त्यांची रक्कम वेगळ्या बचत खात्यात टाकावी आणि बँकेला दरमहाची स्थायी सूचना द्यावी. आणि हातात एकरकमी पैसा असेल तर दरमहा हप्त्याची गरजच काय, हाही विचार करावा. त्याच दिवशी वेढणी घेतली तर घडणावळ नाममात्र, भाववाढीची धास्ती नाही. पुढे दागिना करताना ती पूर्ण भावाने घेणार का, एवढे आधी विचारून घ्यावे.

तात्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न पुढच्या वर्षी आहे. नवे कार्ड काढायचे की नाही, हे त्यांनी काकूंवर सोपवले. काकूंनी जुन्या कार्डाची कोरी बाजू वर केली, आमच्याकडून पेन घेतले आणि तालुक्याच्या पेठेतल्या तीन दुकानांची नावे एकाखाली एक लिहिली. प्रत्येकापुढे एक रकाना घडणावळीचा, एक रुपये की ग्रॅम याचा. बाजाराच्या दिवशी त्या स्वतः जाऊन ते भरून आणणार आहेत.